हार्ट अटॅक येऊ नये म्हणून रोज ॲस्पिरिन घ्यावी का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आधी हे सांगा, हे सगळं नेमकं कोणासाठी आहे?

ज्यांना आजवर हार्ट अटॅक आलेला नाही, पॅरालिसिसचा झटका आलेला नाही, स्टेंट टाकलेला नाही, बायपास झालेली नाही, आणि तरी "पुढे काही होऊ नये" म्हणून जे रोज 75 किंवा 100 मिलिग्रॅमची ॲस्पिरिन घेतात किंवा घ्यायचा विचार करतायत, त्यांच्यासाठी. याला प्रायमरी प्रिव्हेन्शन म्हणतात.

ज्यांना अटॅक येऊन गेलाय किंवा स्टेंट आहे त्यांनी कृपा करून हे वाचून स्वतःची गोळी बंद करू नका. तुमचं गणित पूर्ण वेगळं आहे आणि तिथे ॲस्पिरिनचा फायदा आजही पक्का आहे. स्टेंट टाकल्यावर सुरुवातीच्या महिन्यांत गोळी अचानक सोडली तर स्टेंटमध्येच गुठळी होऊ शकते, आणि ते जिवावर बेततं. हे इथे मुद्दाम पहिल्याच उत्तरात लिहितोय, कारण "ॲस्पिरिनचा उपयोग नाही" अशी अर्धी बातमी वाचून चुकीच्या माणसाने गोळी सोडल्याचं मी बघितलंय.

ही गोळी शरीरात करते काय?

रक्तात प्लेटलेट नावाच्या बारीक पेशी असतात, कुठे जखम झाली की त्या एकमेकींना चिकटतात आणि भोक बुजवतात. चिकटायला त्यांना थ्रॉम्बोक्सेन नावाचं रसायन लागतं, आणि ते बनवणारं एन्झाइम ॲस्पिरिन कायमचं बंद पाडते. प्लेटलेटला केंद्रक नसल्यामुळे तिला नवीन एन्झाइम बनवता येत नाही, म्हणून ती पेशी मरेपर्यंत, म्हणजे साधारण 7 ते 10 दिवस, तशीच राहते. एवढ्याशा डोसने काम भागतं ते यामुळेच.

हृदयाच्या नळीतला चरबीचा थर फुटतो तेव्हा प्लेटलेटला तीही जखमच वाटते आणि तिथे गुठळी होते. ॲस्पिरिन ती गुठळी थोडी अवघड करते. पण पोटात अल्सर असेल किंवा मेंदूत एखादी बारीक नस फुटली तर तिथेही रक्त थांबायला तीच प्लेटलेट लागते, आणि तिथेही ती तितकीच निकामी असते. त्यातून पोटाच्या आतल्या अस्तराला ॲसिडपासून वाचवणारी जी रसायनं असतात ती पण ॲस्पिरिनमुळे कमी होतात. फायदा आणि तोटा एकाच कामातून येतात, त्यामुळे फायदा ठेवून तोटा काढून टाकता येत नाही. पुढचं सगळं या एका गोष्टीवर उभं आहे.

मग आधी डॉक्टर सगळ्यांना का देत होते? तेव्हा चुकलं का?

चुकलं असं मी म्हणणार नाही. 1989 साली अमेरिकेतल्या 22,071 पुरुष डॉक्टरांवरच्या अभ्यासाचा निकाल आला. निम्म्यांना एक दिवसाआड ॲस्पिरिन, निम्म्यांना बिनऔषधाची तशीच दिसणारी गोळी. ॲस्पिरिन गटात 139 हार्ट अटॅक, दुसऱ्या गटात 239. म्हणजे 44 टक्के कमी! हा आकडा ऐकून कोण गोळी देणार नाही?

पण त्याच अभ्यासात दोन गोष्टी होत्या ज्यांच्याबद्दल फारसं कोणी बोललं नाही. एक म्हणजे हृदयविकाराने झालेले मृत्यू दोन्ही गटांत जवळपास सारखेच होते. आणि दुसरं, 44 टक्के ऐकायला मोठं वाटतं पण प्रत्येक गटात 11 हजारांच्या आसपास माणसं होती आणि साधारण 5 वर्षांत 100 अटॅक वाचले, म्हणजे हजार जणांमागे 9. नऊ हा काही वाईट आकडा नाही हां, पण "जवळपास निम्मे अटॅक टळतात" आणि "हजारात नऊ टळतात" ही दोन वाक्यं ऐकून माणूस वेगवेगळा निर्णय घेतो.

शिवाय तो काळ बघा. कोलेस्टेरॉलचं पहिलं स्टॅटिन बाजारात आलं 1987 मध्ये, आणि स्टॅटिनने जीव वाचतात हे ठामपणे दाखवणारा मोठा अभ्यास आला 1994 मध्ये. तेव्हा हातात ॲस्पिरिन होती, ती दिली.

2018 मध्ये असं काय झालं की सगळं फिरलं?

त्या एका वर्षात तीन मोठे अभ्यास आले.

अराइव्ह नावाच्या अभ्यासात 12,546 माणसं होती, डायबेटिस नसलेली, पण रिस्क मध्यम म्हणावी अशी, म्हणजे 10 वर्षांत 10 ते 20 टक्के. साधारण 5 वर्षांनी ॲस्पिरिन गटात 4.29 टक्के लोकांना अटॅक, स्ट्रोक वगैरे काही ना काही झालं आणि दुसऱ्या गटात 4.48 टक्के. फरक जवळपास नाहीच. पचनमार्गातला रक्तस्राव मात्र दुप्पट, 0.97 विरुद्ध 0.46 टक्के.

असेंड हा डायबेटिसवाल्यांचा, 15,480 लोकांचा. हा मला सगळ्यात शिकण्यासारखा वाटतो कारण इथे फायदा खरोखर दिसला. सरासरी 7.4 वर्षांत हजार जणांमागे रक्तवाहिन्यांच्या गंभीर घटना 96 वरून 85 वर आल्या, म्हणजे 11 टळल्या. आणि मोठे रक्तस्राव 32 वरून 41 वर गेले, म्हणजे 9 वाढले. एका हाताने 11 दिले, दुसऱ्या हाताने 9 घेतले.

तिसरा ॲस्प्री, ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेतले 19,114 वयस्कर लोक, बहुतेक सगळे सत्तरीच्या पुढचे, तब्येतीने बऱ्यापैकी ठणठणीत. हृदयाचा फायदा असा दिसलाच नाही आणि मोठे रक्तस्राव 38 टक्क्यांनी वाढले. एकूण मृत्यूही ॲस्पिरिन गटात थोडे जास्त निघाले, त्यात मुख्यतः कॅन्सरचे. हे कोणालाच अपेक्षित नव्हतं आणि आधीच्या अभ्यासांशी जुळतही नाही, म्हणून त्या एका निष्कर्षावर मी फार भर देणार नाही, पण रक्तस्रावाची गोष्ट स्पष्ट आहे.

पण औषध तेच आहे ना? मग फायदा कमी कसा झाला?

औषध तेच आहे, ज्यांना देतोय ती माणसं बदलली.

ॲस्पिरिन तुमच्या रिस्कचा एक हिस्सा कापते, ढोबळ मानाने दहावा ते आठवा. रिस्कच मोठी असेल तर हिस्साही मोठा. आता 1980 च्या दशकातल्या माणसाची आणि आजच्या माणसाची तुलना करा. सिगारेट ओढणारे कमी झाले, बीपीच्या गोळ्या वेळेत सुरू होतात, स्टॅटिन आले आणि स्टॅटिनने नळीतला चरबीचा थर पक्का होतो, चटकन फुटत नाही, म्हणजे ॲस्पिरिन जी गुठळी अडवायला बसलेली असते ती गुठळी व्हायची वेळच कमी येते. अराइव्हमध्ये नेमकं हेच दिसलं. मध्यम रिस्कवाली म्हणून निवडलेली माणसं प्रत्यक्षात कमी रिस्कवाली निघाली, अंदाजापेक्षा कितीतरी कमी लोकांना अटॅक आले.

आणि रक्तस्राव? तो स्टॅटिन घेतल्याने कमी होत नाही. सिगारेट, बीपी ताब्यात आणल्याने त्यात थोडा फरक पडतो, पण अटॅकची रिस्क जितकी खाली येते तितका नाही. म्हणजे तराजूचं फायद्याचं पारडं वर्षानुवर्षं हलकं होत गेलं आणि तोट्याचं जवळपास होतं तिथेच राहिलं.

हे एका माणसाचं उदाहरण घेऊन समजावून सांगाल?

समजा एक 52 वर्षांचे गृहस्थ आहेत. सिगारेट ओढतात, बीपी 150 च्या आसपास, वाईट कोलेस्टेरॉल 160. अजून काही त्रास झालेला नाही, पोटाची काही तक्रार नाही. कॅल्क्युलेटरमध्ये घातलं तर 10 वर्षांत अटॅक किंवा स्ट्रोकची रिस्क समजा 12 टक्के आली. अशा हजार गृहस्थांची कल्पना करा, त्यातल्या 120 जणांना 10 वर्षांत काहीतरी होणार.

त्यांना नुसती ॲस्पिरिन दिली तर 120 मधले 12 ते 14 टळतील, बहुतेक जीव न घेणारे अटॅक. या वयात आणि अशा तब्येतीत ॲस्पिरिनशिवाय मोठा रक्तस्राव हजारात समजा 20 जणांना होईल, तो ॲस्पिरिनने 40 टक्क्यांच्या आसपास वाढतो, म्हणजे 8 जास्त. तेरा टळले, आठ वाढले. विचार करण्यासारखं आहे.

आता त्याच गृहस्थांची सिगारेट सुटली, बीपी 125 वर आलं, स्टॅटिनने कोलेस्टेरॉल 90 वर आलं. रिस्क 12 वरून समजा 6 टक्क्यांवर आली. म्हणजे नुसत्या या तीन गोष्टींनी हजारात 60 घटना टळल्या आणि ॲस्पिरिनला अजून हातही लावलेला नाही. आता ॲस्पिरिन घातली तर उरलेल्या 60 मधल्या 6-7 टळतील आणि रक्तस्राव 7-8 वाढतील. म्हणजे आता ती गोळी घेण्यात काही अर्थ उरला नाही.

रिस्कचे हे आकडे मी समजण्यासाठी धरलेत, प्रत्येकाचे वेगळे येणार. पण क्रम लक्षात घ्या: सिगारेट, बीपी, कोलेस्टेरॉल आधी, आणि ते झाल्यावर नव्याने रिस्क काढून मग ॲस्पिरिनचा प्रश्न. माझ्याकडे येणाऱ्या कित्येक लोकांचं नेमकं उलटं असतं, ॲस्पिरिन वर्षानुवर्षं चालू आणि बीपी 160, आणि बीपी चढलेलं असताना रक्त पातळ करायची गोळी घेणं म्हणजे मेंदूतल्या रक्तस्रावाला आमंत्रणच.

पोटातला रक्तस्राव बरा होतो, हार्ट अटॅकने माणूस जातो. मग एकास एक तुलना का करायची?

प्रश्न अगदी रास्त आहे आणि याचं एकच बरोबर उत्तर नाही. काही लोक म्हणतात मला अटॅकचीच भीती वाटते, एखादवेळी रक्त चढवावं लागलं तरी चालेल, तर तो त्यांचा निर्णय आहे आणि मी त्याला चूक म्हणत नाही. फक्त दोन गोष्टी माहीत असू द्या. सगळे अभ्यास एकत्र केले तरी प्रायमरी प्रिव्हेन्शनमध्ये ॲस्पिरिनने मृत्यू कमी झाल्याचं दिसत नाही, टळतात ते मुख्यतः जीव न घेणारे अटॅक. आणि रक्तस्राव सगळे पोटातलेच नसतात, हजारात साधारण एक जादा मेंदूतला असतो, आणि तो बऱ्याचदा भरून न येणारा असतो.

मग आता कोणी घ्यायचा विचार करावा?

यादी छोटी आहे. वय साधारण 40 ते 60 मध्ये, सिगारेट, बीपी, कोलेस्टेरॉल सगळं सांभाळूनही 10 वर्षांची रिस्क 10 टक्के किंवा त्याच्या वर राहतेय, आणि रक्तस्राव होण्यासारखं काही कारण नाही. अमेरिकेच्या प्रिव्हेन्टिव्ह सर्व्हिसेस टास्क फोर्सने 2022 मध्ये हेच सांगितलं, 40 ते 59 मध्ये डॉक्टर आणि पेशंटने बसून ठरवा, आणि 60 नंतर नव्याने सुरू करू नका. 2016 मध्ये याच टास्क फोर्सने पन्नाशीतल्या जास्त रिस्कवाल्यांना घ्या असंच सांगितलं होतं.

डायबेटिस असेल आणि सोबत आणखी रिस्क असेल तर विचार करता येतो. पण फक्त डायबेटिस आहे म्हणून आपोआप ॲस्पिरिन, हे आता नाही, असेंडचे 11 आणि 9 आठवा.

तिसरे म्हणजे ज्यांच्या सीटी स्कॅनवर हृदयाच्या नळ्यांत कॅल्शियम दिसतं. स्कोअर 100 च्या वर असेल तर फायद्याचं पारडं जड होऊ शकतं, आणि स्कोअर शून्य असेल तर बहुतेकांना ॲस्पिरिनने तोटाच जास्त. हे लोकांचा वर्षानुवर्षं मागोवा घेऊन केलेल्या गणितावरून आलंय, स्कोअर बघून गोळी दिली आणि न दिली अशा थेट अभ्यासावरून नाही, म्हणून मी त्याला मदतीचा पुरावा मानतो, हुकूम नाही. जे काठावर आहेत, ज्यांचा निर्णयच होत नाही, त्यांना हा स्कॅन खरा उपयोगी.

आणि कोणी घेऊच नये?

आधी कधी अल्सर किंवा पोटातून रक्तस्राव झालेला असेल, किडनी खराब असेल, प्लेटलेट कमी असतील, वॉरफरिनसारखं दुसरं रक्त पातळ करणारं औषध चालू असेल, स्टिरॉइड चालू असेल, दारू जास्त असेल, बीपी ताब्यात नसेल, तर प्रायमरी प्रिव्हेन्शनसाठी नको. सत्तरीच्या पुढे नव्याने सुरू करायची तर अजिबात नको.

यात एक गोष्ट लोक सांगतच नाहीत कारण त्यांना ते औषध वाटतच नाही, ती म्हणजे दुखण्यावरची गोळी. माझ्याकडे एक 71 वर्षांचे निवृत्त शिक्षक आले होते, "दम लागतोय, हार्टचं काही आहे का बघा" म्हणून. चेहरा पांढराफटक, डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली तर आत गुलाबी रंगच नाही. हिमोग्लोबिन 7.8. शौचाचा रंग विचारला तर त्यांना आठवेना, त्यांच्या बायको म्हणाल्या, "अहो, महिनाभर काळं होतंय म्हणत होतात ना तुम्ही?" काळं, चिकट, डांबरासारखं. ॲस्पिरिन बारा वर्षांपासून चालू होती, कोणीतरी एकदा लिहून दिलेली, आणि गुडघ्यासाठी दोन महिन्यांपासून रोज डायक्लोफिनॅक. दोन्ही गोळ्या एकाच अस्तरावर. एंडोस्कोपीत अल्सर निघाला, रक्त चढवावं लागलं. त्यांच्या हृदयाला कधीच काही झालेलं नव्हतं, आणि बारा वर्षांत "ही गोळी अजून लागते का" असं कोणीही विचारलं नव्हतं. बरे झाले ते, पण ती वेळ यायलाच नको होती.

कोटिंगवाली गोळी घेतली तर पोट वाचतं ना?

नाही, आणि हा गैरसमज फार खोलवर आहे. कोटिंगमुळे गोळी पोटाऐवजी पुढे आतड्यात विरघळते, त्यामुळे जळजळ थोडी कमी वाटेल. पण अल्सर आणि रक्तस्राव हे गोळी अस्तराला चिकटल्याने कमी आणि औषध रक्तात गेल्यावर जे करतं त्याने जास्त होतात, म्हणून रक्तस्राव टळत नाही. ॲसिड कमी करणाऱ्या गोळ्या, पँटोप्राझोल वगैरे, घेतल्या तर पोटाचा वरचा भाग बऱ्यापैकी सुरक्षित राहतो, खालच्या आतड्यातला आणि मेंदूतला रक्तस्राव त्याने थांबत नाही. एच पायलोरी नावाचा जिवाणू पोटात असेल तर त्याचा उपचार करून घेणं फायद्याचं, अल्सरचं ते एक मोठं कारण आहे.

ॲस्पिरिन आणि आयब्युप्रोफेन एकत्र चालतं का?

रक्तस्राव वाढतो तो तर आहेच, पण आणखी एक भानगड आहे. आयब्युप्रोफेन आधी पोटात गेली तर ती त्याच एन्झाइमची जागा अडवून बसते, ॲस्पिरिनला शिरताच येत नाही आणि ती थोड्या वेळात शरीराबाहेर पडते, म्हणजे तोटा घेतला आणि फायदा गेला. कधीमधी घ्यावीच लागली तर साध्या, कोटिंग नसलेल्या ॲस्पिरिननंतर किमान अर्धा तास थांबून. रोज लागत असेल तर डॉक्टरांशी बोला, दुखण्यासाठी पॅरासिटामॉल बघा.

मी बरीच वर्षं घेतोय, काही झालं नाही. आता बंद करू का?

"काही झालं नाही" हा पुरेसा पुरावा नाही, त्या शिक्षकांनाही बारा वर्षं काही झालं नव्हतं. वय वाढत गेलं तशी रक्तस्रावाची शक्यताही वाढत गेलेली असते. नवीन सुरू न करणं आणि चालू असलेली थांबवणं हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पन्नाशीत विचार करून सुरू केली होती आणि सगळं ठीक आहे तर लगेच घाबरून बंद करायची गरज नाही, पण साधारण 75 च्या आसपास थांबवण्याचा विचार करावा असं टास्क फोर्सचंही मत आहे.

डॉक्टरांकडे जाताना एक साधं काम करा, गोळी का सुरू झाली ते जुन्या कागदांत शोधा. बऱ्याच वेळा पेशंटला वाटतं उगाच चालू आहे आणि जुन्या फाइलमध्ये स्टेंटचा किंवा छोट्या स्ट्रोकचा उल्लेख निघतो, मग ती बंद करायची नसते. आणि उलटंही होतं, फाइल चाळून कुठेच कारण सापडत नाही. मानेच्या किंवा पायाच्या नळ्यांत ब्लॉक दिसलाय पण त्रास काही नाही अशी मधली माणसं असतात, त्यांचा निर्णय या पानावरून नको, त्यांच्या डॉक्टरांनी ब्लॉक किती आहे ते बघून करावा.

छातीत अचानक दुखायला लागलं तर ॲस्पिरिन चावून खायची ते खोटं का मग?

ते खरं आहे, आणि त्याचा या सगळ्याशी संबंध नाही. अटॅक येतोय असा संशय असेल तर आधी ॲम्ब्युलन्स बोलवायची. फोनवर किंवा डॉक्टरांनी सांगितलं आणि ॲलर्जी नसेल, रक्तस्राव चालू नसेल तर 300 मिलिग्रॅमच्या आसपासची साधी ॲस्पिरिन चावून खायची, चावून अशासाठी की लवकर भिनते. तिथे गुठळी त्या क्षणी बनत असते, म्हणून एका डोसचा फायदा खूप मोठा असतो. पण तोंड वाकडं झालं, हात उचलत नाही, बोलणं अडखळतंय अशी लक्षणं असतील तर घरी ॲस्पिरिन देऊ नका. मेंदूत गुठळी आहे की रक्तस्राव हे सीटी केल्याशिवाय कळत नाही.

रोज घेत असेन तर कशावर लक्ष ठेवू?

काळं डांबरासारखं शौच, कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी, न थांबणारं नाकातलं रक्त, अचानक जोराची डोकेदुखी, यातलं काहीही झालं तर थेट हॉस्पिटल. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळं होतं पण ते सहसा चिकट आणि उग्र वासाचं नसतं. हळूहळू रक्त जात असेल तर दिसत काहीच नाही, फक्त दम लागतो, जिना चढताना थकवा येतो, आणि आपण ते वयावर ढकलतो. म्हणून वर्षातून एकदा हिमोग्लोबिन करून घ्या, आणि त्याच भेटीत विचारा की डॉक्टर, माझी रिस्क आज किती आहे आणि ही गोळी अजून लागते का.